‘समाधानकारक’ या शब्दापुढे काय लिहायचे?

मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी कपाटातून जुन्या गोपनीय अहवालांची फाइल काढली आणि दोन संध्याकाळी बसून वाचली. अकरा वर्षांचे अहवाल होते आणि शिक्षक चौदा. तरीही सगळे मिळून शेरे चारच: अध्यापन समाधानकारक, निकाल चांगला, सहकाऱ्यांशी वागणूक सौजन्याची, कामात नियमित. त्यातल्या एका शिक्षकाचा तास सुटल्यावरही मुले बाकावरून उठत नसत आणि दुसऱ्याच्या वर्गाचा गोंगाट ऑफिसपर्यंत ऐकू येई, हे गावाला ठाऊक होते. कागदावर मात्र दोघे जुळे भाऊ.

शाळेत या अहवालाला सगळे ‘सीआर’ म्हणतात. खासगी अनुदानित शाळांत तो महाराष्ट्राच्या 1981च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार लिहिला जातो. त्यातला पंधरावा नियम मुख्याध्यापकांनी पाठच करावा असा आहे. अहवाल दरवर्षी लिहायचा. प्रतिकूल शेरा असेल तर तो संबंधिताला लेखी कळवायचा आणि त्याला म्हणणे मांडू द्यायचे. ऑगस्टअखेरपर्यंत हे झाले नाही, तर त्या वर्षाचे काम समाधानकारक होते असेच धरले जाते. म्हणजे ज्याच्या कामाबद्दल वर्षभर कुरकुर केली, त्याच्याविषयी ऑगस्ट उलटेपर्यंत कागदावर काहीच आले नाही, तर ती कुरकुर तिथेच संपली.

शेरा वाचणारा फक्त तो शिक्षक नसतो. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचा आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणीचा प्रस्ताव जातो, तेव्हा हेच अहवाल पुन्हा उघडले जातात. उघडणाऱ्याने तो वर्ग पाहिलेला नसतो आणि लिहिणारे मुख्याध्यापक तोवर निवृत्त झालेले असतात. निरुपद्रवी वाटणारा शेराही अशा वेळी घात करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 2008मध्ये देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात हेच सांगितले. देवदत्त हे सीमा रस्ते विभागातले अभियंता. त्यांच्या बढतीसाठी ‘अत्युत्तम’ श्रेणी लागत होती आणि एका वर्षी त्यांना ‘उत्तम’ मिळाली होती. ही गोष्ट त्यांना कधी कळवलीच नव्हती. चांगली दिसणारी नोंदही आड येऊ शकते, म्हणून प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, असा तो निर्णय आहे.

आता एका शिक्षिकेच्या एका वर्षाचा शेरा कसा तयार झाला, ते सांगते. आमची शाळा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली. बाई सहावी ‘ब’ला गणित शिकवत. पट छत्तीस.

पाठनिरीक्षण म्हणजे दारातून डोकावणे नव्हे. पूर्ण पस्तीस मिनिटे शेवटच्या बाकावर बसायचे आणि मत लिहायचे नाही, फक्त दिसेल आणि ऐकू येईल ते लिहायचे. ऑगस्टमध्ये मी बसले तेव्हा भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज चालली होती. फळ्यावरची मांडणी नीटस होती, बाईंचा आवाज स्पष्ट होता आणि पाठटाचण तयार होते. जुन्या पद्धतीने मी ‘अध्यापन उत्तम’ लिहून उठले असते. पण वहीत एक मोजणी केली होती. बाईंनी चौदा प्रश्न विचारले आणि त्यातले अकरा पुढच्या दोन बाकांवरच्या पाच मुलांकडेच गेले. मागच्या ओळीत मुले एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी करत होती. अंशात अंश, छेदात छेद. माझ्या शेजारच्या तीन वह्यांत तीच चूक होती आणि बाई तिथवर आल्याच नाहीत.

आणखी एक गोष्ट घड्याळाने दाखवली. प्रश्न विचारल्यावर बाई सेकंदभरच थांबत आणि मग उत्तर स्वतःच देत. यात त्या एकट्या नव्हत्या. अमेरिकेत मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून हाच काळ मोजला होता. शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, आणि तोच थांबा तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात, असे त्यांना आढळले.

मधल्या सुट्टीत मी बाईंपुढे वही ठेवली. आकडे पाहून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, मागे गेले की तास पुरत नाही असं वाटतं.” ही अडचण खरी होती. आम्ही ठरवले की उदाहरणे सहावरून चारवर आणायची आणि उरलेली सात मिनिटे मागच्या वह्या पाहण्यात घालवायची. जानेवारीत मी पुन्हा बसले. या वेळी बारा प्रश्न झाले आणि नऊ वेगवेगळ्या मुलांनी उत्तरे दिली. एका मुलाने दोन पंचमांश म्हणताच बाईंनी त्याला फळ्यावर बोलावले आणि कागदाच्या दोन पट्ट्या दिल्या. अर्ध्या पट्टीपेक्षा दोन पंचमांशाची पट्टी लहान कशी, हे त्याने स्वतःच सगळ्यांना दाखवले.

त्यामुळे अध्यापनाबद्दलचा शेरा असा झाला: “मांडणी व पूर्वतयारी नेटकी. ऑगस्टच्या निरीक्षणात प्रश्न मोजक्या मुलांपुरते राहत होते. चर्चेनंतर पद्धत बदलली. जानेवारीत मागील बाकांवरील मुलांचा सहभाग स्पष्ट दिसला व मुलांच्या चुकीचा उपयोग शिकवण्यासाठी केला. प्रश्नानंतर थांबण्याची सवय अजून पक्की व्हायची आहे.” यात एकही विशेषण पुराव्याशिवाय नाही. उणीव लिहिली आहे, पण ती बाईंना ऑगस्टपासून ठाऊक होती. अहवालात पहिल्यांदाच वाचायला मिळालेली उणीव म्हणजे लिहिणाऱ्याचीच चूक, असे मी मानते.

विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा रकाना सगळ्यांत फसवा असतो, कारण तिथे आकडा आयता मिळतो. एप्रिलच्या चाचणीत ‘ब’ तुकडीची सरासरी 54 टक्के होती आणि शेजारच्या ‘अ’ची 61. संस्थेच्या बैठकीत एका सदस्यांनी लगेच बोट ठेवले. मी जूनचे कागद पुढे केले. त्यात ‘अ’ची सुरुवात 58वर झाली होती आणि ‘ब’ची 41वर. म्हणजे एक तुकडी तीन गुणांनी चढली आणि दुसरी तेरा.

पण उलट्या बाजूने उडी मारणेही चूकच. जून आणि एप्रिलच्या प्रश्नपत्रिका सारख्या अवघड नव्हत्या. खालून सुरुवात करणारी तुकडी पुढच्या चाचणीत काही अंशी आपोआपच वर सरकते. छत्तीस मुलांच्या वर्गात तीनचार मुलांनी सरासरी हलते. शिवाय मुलाच्या गुणांत घर, हजेरी आणि मागची वर्षे मिसळलेली असतात. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2014च्या निवेदनात म्हटले होते की, बहुतेक अभ्यासांत मुलांच्या गुणांमधल्या फरकातला 1 ते 14 टक्के भागच शिक्षकामुळे पडलेला दिसतो. त्यामुळे ‘तेरा गुणांची वाढ’ हे वाक्य मी लिहिले नाही.

त्याऐवजी एकच कौशल्य धरले आणि मुले मोजली. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज जूनमध्ये आठ मुलांना येत होती. दिवाळीनंतर सात मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, ती पाडव्याच्या सुमारास परतली आणि चाचणीला बसली. त्या सातांचा हिशेब त्याच आकड्यात घालणे बाईंवर अन्याय होता, आणि त्यांना वगळून गप्प बसणे मुलांवर. म्हणून दोन वाक्ये लिहिली: “वर्षभर वर्गात असलेल्या व जूनमध्ये हे कौशल्य नसलेल्या एकवीसपैकी चौदा मुलांना ते आता येते, सातांना नाही. स्थलांतरित सात मुलांसाठी परतल्यावर शाळा सुटल्यानंतर तीन आठवडे जादा वर्ग घेतला, नोंदवही जोडली आहे.” मी ही बेरीज चाचणीच्या कागदांवरच सोडली नाही. मे महिन्यात दहा मुलांना एकेक करून जवळ बोलावले आणि उदाहरण माझ्यासमोर सोडवायला लावले. कागदावर बरोबर असलेल्यांपैकी एकाला मात्र ते समजावून सांगता आले नाही.

गंमत अशी की आमचे शिक्षक मुलांसाठी हे काम आधीपासून करत आले आहेत. राज्यात 2010पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची पद्धत सुरू झाली. ‘हुशार आहे’ असे न लिहिता ‘दोन अंकी वजाबाकी हातचा घेऊन करतो’ असे लिहायचे. मुलाबद्दल एवढे नेमके लिहिणाऱ्या शिक्षकाबद्दल आम्ही मात्र ‘समाधानकारक’वर थांबत होतो.

सहकार्याचा रकाना मला सर्वांत जपून लिहावासा वाटतो. स्टाफरूममधल्या आवडीनिवडी तिथेच शिरतात. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘माझे ऐकतो’ एवढाच असतो. त्या वर्षी बाईंनी शिक्षकसभेत परीक्षेच्या वेळापत्रकाला विरोध केला. गणित आणि विज्ञान लागोपाठच्या दिवशी नको, असे त्यांचे म्हणणे होते. मला तेव्हा राग आला, हे खरे आहे. ‘समन्वयाची वृत्ती कमी’ ही ओळ मनात तयारही झाली होती. ती लिहिली नाही, कारण सभेत मत मांडणे हे असहकार्य नव्हे. ठरल्यावर त्यांनी तेच वेळापत्रक विनातक्रार पाळले होते.

मग सहकार्य कशात पाहायचे? जे नोंदींत सापडते त्यात. प्रसूती रजेवर गेलेल्या विज्ञान शिक्षिकेचे बाईंनी सहा आठवडे बदली तास घेतले, आणि नुसती मुले सांभाळली नाहीत, दोन धडे शिकवून टाचणासह परत केले. अपूर्णांकांच्या कागदी पट्ट्यांचे संच त्यांनी ‘अ’च्या शिक्षकांनाही दिले. दुसरीकडे, घटक चाचणीचे गुण दोन वेळा उशिरा आल्यामुळे वर्गशिक्षकांचे प्रगतिपत्रक अडले. या तिन्ही गोष्टी लिहिल्या. ‘स्वभाव मनमिळाऊ’ लिहिले नाही. कारण अबोल माणूस उत्तम सहकारी असू शकतो.

जुलैत मी बाईंना बोलावून मसुदा वाचायला दिला. त्यांनी आधी स्वतःच्या स्वयंमूल्यमापनाचा कागद शेजारी ठेवला, मग एकेक ओळ बोटाने वाचली. उशिराच्या गुणांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “हे खरं आहे.” पुढे ऊसतोडीच्या मुलांपाशी मात्र त्यांनी मान हलवली. “मॅडम, सात नाही, सहा. एक पोरगी आजीकडं राहिली होती, जानेवारीत वर्गात आली. तिला पट्ट्या करून शिकवलंय मी, तिला येतं.” हजेरीपट आणला, तारीख पाहिली, मुलीचा चाचणीचा कागद काढला. सातचे सहा झाले, एकवीसपैकी चौदाचे बावीसपैकी पंधरा. दोन्ही ठिकाणी खोडून बाजूला मी सही केली आणि खाली बाईंनी केली.