नाकाची सावली कुठे पडते?

पुण्यातल्या एका चौघांच्या बँडचं नवं गाणं यायचं होतं. कव्हरसाठी त्यांनी मला चार फोटो पाठवले. गायिकेचा गच्चीवर भर दुपारी काढलेला, गिटारवाल्याचा कार्यक्रमातला लाल दिव्याखालचा, ड्रमरने हात लांब करून घेतलेला सेल्फी, आणि कीबोर्डवाला नोकरीनिमित्त डब्लिनला, त्याचा ढगाळ आभाळाखालचा. "चौघं शेजारी शेजारी उभे आहोत असं वाटायला हवं," एवढीच मागणी होती.

चौघांना कापून एका पार्श्वभूमीवर चिकटवून पाहिलं. केसांची किनार अगदी सफाईने काढली, तरी चित्र खोटंच दिसत होतं. दोष किनारीत नव्हता, उजेडात होता. गायिकेच्या नाकाची सावली सरळ ओठांवर पडलेली, डोळ्यांच्या खोबण्या काळवंडलेल्या. डब्लिनवाल्याच्या चेहऱ्यावर मात्र सावलीच नाही. शेजारी उभ्या असलेल्या दोघांवर दोन वेगळे सूर्य तळपत नाहीत. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकतं.

म्हणून फोटो आला की मी आधी नाकाची सावली पाहतो, मग हनुवटीखालची, आणि मग फोटो मोठा करून बुबुळातला पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे खिडकीचं किंवा दिव्याचं प्रतिबिंब. बुबुळ हे घड्याळ मानलं आणि ठिपका दहाच्या जागी असला, तर उजेड चित्राच्या डावीकडून, वरून आला. सावलीची कड धारदार असेल तर ऊन किंवा उघडा दिवा. विरघळत गेलेली असेल तर मोठी खिडकी किंवा ढग. दिशा चुकली असेल तर फोटो आडवा उलटवता येतो, पण मग गिटारवाला डावखुरा होतो आणि टीशर्टवरची अक्षरं उलटी दिसतात. धारदार सावली मऊ करायची म्हणजे चेहरा जवळजवळ नव्याने रंगवणं. ते मी करत नाही.

सेल्फीचं दुखणं वेगळंच. हातभर अंतरावरून नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरंच जवळ असतं, म्हणून ते फुगतं आणि कान मागे जातात. दोन मीटरवरून हा फरक जवळपास उरत नाही. फोटो लहानमोठा करून हे सुधारत नाही, कारण बिघडलेलं असतं ते चेहऱ्याचं प्रमाण.

शेवटी चौघांना एकच सूचना पाठवली. ऊन थेट येत नाही अशी खिडकी निवडा, तिच्यापासून मीटरभर दूर उभे राहा, फोटोत उजेड डावीकडून यावा. मागे पांढरी भिंत, घरातले दिवे बंद. फोन दुसऱ्याने धरावा, दोन मीटरवरून, डोळ्यांच्या उंचीवर. फ्लॅश नको, चेहरा गुळगुळीत करणारा फिल्टर नको. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो लहान होऊन येणार नाही.

दोन दिवसांत फोटो आले आणि अर्धं काम तिथेच झालं. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचं अंतर चौघांचं साधारण सारखं केलं. मागे उभ्या दोघांचं किंचित कमी ठेवलं. मग सगळे कृष्णधवल केले. रंग गेला की कोणाचा गाल जास्त उजळ आहे आणि कोणाची सावली फिकी, ते लख्ख दिसतं. हा फरक प्रत्येक फोटोवर वेगळा दुरुस्त करायचा. रंग द्यायचा तो मात्र चौघांच्या वर, एकाच थरात. मी ग्रेडियंट मॅप वापरून सावल्यांना गर्द निळा आणि उजेडाला सायीचा रंग दिला. डब्लिनचा फोटो सर्वांत रेखीव होता, म्हणून त्यालाच थोडं मऊ केलं. धूसर फोटो ओढून रेखीव केले की कातडी खरबरीत दिसते. शेवटी सगळ्यांवर एकच बारीक दाणा पसरला.

पुन्हा फोटो काढणं शक्यच नसेल तर ते एकत्र असल्याचा आव आणू नये. बीटल्सच्या १९७० सालच्या 'लेट इट बी'च्या कव्हरवर चार सुटे फोटो काळ्या पार्श्वभूमीवर चार चौकटींत आहेत. जॉर्ज हॅरिसनच्या मागे तर सरळ लाल रंग आहे. ब्लर या बँडच्या २००० सालच्या निवडक गाण्यांच्या अल्बमसाठी ज्युलियन ओपी या चित्रकाराने चौघांचे चेहरे जाड काळ्या रेषा आणि सपाट रंगांत काढले. तिथे सावलीच नाही, त्यामुळे ती जुळवण्याचा प्रश्नही नाही.

आमचं कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं झालं, पण लोक ते फोनवर नखाएवढं बघणार. तेवढं लहान करून पाहिलं तेव्हा चौघं एका खिडकीशी उभे दिसले.

तुमचा बँड असेल तर पुढच्या तालमीला दहा मिनिटं काढा. एकाच खिडकीपाशी, एकाच फोनने, एकेकाचा फोटो घ्या आणि मूळ फाइल जपून ठेवा.