सिंधी अंक कोणत्या बाजूने उघडायचा?

उल्हासनगरमधल्या एखाद्या सिंधी पंचायतीने आठ पानांचे वार्तापत्र काढायचे ठरवले, तर मजकुराआधी वाद होतो तो लिपीवर. कराचीत किंवा हैदराबाद सिंधमध्ये शाळा सुरू केलेले आजोबा अरबी लिपीतच सिंधी वाचतात. त्यांचा मुलगा मराठी किंवा हिंदी शाळेत शिकला, त्याला देवनागरी सहज येते. नातू सिंधी बोलतो थोडे आणि मोबाइलवर टाइप करतो रोमनमध्ये.

हा वाद जुना आहे. इंग्रज अमदानीत कॅप्टन जॉर्ज स्टॅकने सिंधीचे व्याकरण आणि शब्दकोश देवनागरीत छापले, पण 1853 मध्ये सरकारने 52 अक्षरांची अरबी वर्णमाला पक्की केली आणि शाळा, कचेऱ्या, छापखाने तिच्यावर चालू लागले. फाळणीनंतर सिंधी हिंदू भारतात आले. 1950 मध्ये सरकारने शाळांसाठी देवनागरीचा निर्णय केला. त्यावर लेखक-शिक्षक इतके खवळले, की पुढच्याच वर्षी दोन्ही लिपींना मुभा द्यावी लागली. तो प्रश्न आजपर्यंत तसाच लोंबकळतो आहे. साहजिकच छोट्या पंचायतीलाही तो आपल्या टेबलावर सोडवावा लागतो.

‘देवनागरीच घ्या, सगळ्यांना येते’ हा सोपा सल्ला निम्माच खरा आहे. सिंधीत चार असे ध्वनी आहेत, जे उच्चारताना श्वास किंचित आत ओढला जातो. मराठीत ते नाहीत. देवनागरीत त्यांच्यासाठी खाली रेघ असलेली ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरे आहेत. ‘ॿारु’ म्हणजे मूल आणि ‘बारु’ म्हणजे ओझे. हिंदी कीबोर्डवर टाइप करणारा स्वयंसेवक ॿ सापडला नाही की ब टाकतो, आणि जन्माच्या बातमीत घरात ओझे आल्याचे छापले जाते. युनिकोडमध्ये ही अक्षरे 2006 पासून आहेत, तरी डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये ती नसू शकतात. म्हणून छापखान्याला आधी हीच चार अक्षरे छापून दाखवायला सांगावे. चौकोन उमटला तर फॉन्ट बदलावा, अक्षर नव्हे.

दुसऱ्या बाजूला अरबी लिपी ऱ्हस्व स्वर सहसा लिहितच नाही. ‘घरु’ म्हणजे एक घर, ‘घर’ म्हणजे अनेक. अरबीत दोन्ही एकसारखेच दिसतात. सराईत वाचक संदर्भाने ओळखतो, नवखा अडखळतो. इथे देवनागरी सरस ठरते. मात्र देवनागरीतून अरबीत जाताना अडचण उलटी होते. ‘सिंधी’, ‘साफु’ आणि ‘साबितु’ या तिन्हींतला स देवनागरीत एकच, पण अरबीत तीन वेगळी अक्षरे. ती शब्दागणिक पाठच असावी लागतात. त्यामुळे एकच मजकूर संगणकाने दोन्ही लिपींत फिरवून घेण्याची शक्कल फसते. तिचे फळ दोन्हीकडे चुकलेले मुद्रित असते, आणि ते तपासायला दोन्ही लिपी जाणणारा माणूस तरीही लागतोच.

म्हणून संपूर्ण अंक दोनदा छापण्याचा हट्ट सोडावा. आठातली पाच पाने देवनागरीत, डावीकडून उघडणारी. उरलेली तीन अरबीत, शेवटच्या पानापासून सुरू होऊन आत येणारी. वयस्क मंडळी अंक पाठीकडून हातात घेतात आणि त्यांच्यासाठी तेच मुखपृष्ठ असते. चेटीचंडचा कार्यक्रम आणि निधनवार्ता दोन्ही बाजूंना हव्यात, कारण त्या सगळ्यांनाच वेळेवर कळायला हव्यात. मुलांचे बक्षीस समारंभ देवनागरीत पुरेत. सिंधमधल्या आठवणी आणि जुन्या कवितांची पाने अरबीत द्यावीत. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सारे वाङ्मय याच लिपीत निघते, आणि तिथला मजकूर लिप्यंतर न करता जसाच्या तसा घेता येतो.

अरबी पानांवर एक फसवी जागा असते. मजकूर उजवीकडून डावीकडे धावतो, आकडे मात्र डावीकडून. कार्यक्रमाची वेळ ‘10-12’ अशी टाइप केली, तर पानावर ती ‘12-10’ अशी उमटू शकते. मधे जागा सोडलेल्या फोन नंबराचे दोन तुकडेही जागा बदलतात. यावर उपाय म्हणजे रेघेऐवजी शब्द लिहावेत, ‘10 खां 12 ताईं’, आणि फोन नंबर सलग द्यावा. उर्दू छापणाऱ्याकडे अंक दिला, तर त्याला फॉन्ट विचारून घ्यावा. उर्दूचा झुकता नस्तालिक फॉन्ट सिंधी डोळ्यांना परका वाटतो, शिवाय सिंधीच्या खास टिंबांची अक्षरे त्यात नसण्याची शक्यता असते. सिंधीला सरळ बसणारा नस्ख लागतो.

रोमनचे काय? नातवंडे ती वाचतात, म्हणून कार्यक्रमाचा व्हॉट्सअॅप निरोप रोमनमध्ये पाठवायला हरकत नाही. छापील अंकात मात्र ती टाळावी. रोमनमध्ये प्रत्येक जण आपापल्या मर्जीने लिहितो आणि ‘ॿारु’-‘बारु’चा फरक तिथे पूर्ण बुडतो. पहिल्या दोन अंकांनंतर घरोघर विचारून घ्यावे, की कोणत्या बाजूची पाने कोणी वाचली. तिसऱ्या अंकात पाच-तीन हे प्रमाण त्यानुसार बदलावे.