साहेबांचा दिवसात आठ वेळा फोन येतो तेव्हा

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला होता. वरिष्ठ प्रत्येक गोष्टीत डोकावतात, कुठे आहात, काय करताय, फोटो पाठवा, ओळ बदला; मग काम करायचं कधी? आज यावर बोलू. ऑफिसातल्या केबिनचं उदाहरण घेण्याऐवजी आम्ही तुम्हाला जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात नेणार आहोत. तिथे या प्रश्नाची किंमत जरा स्पष्ट दिसते.

साखरशेतच्या बाजूला गेलात तर गाव म्हणजे एक वस्ती नसते. पाच-सात पाडे असतात, मध्ये ओढा, चढण, आणि फोनची रेंज एखाद्या टेकाडावर. अशा ठिकाणी अंगणवाडीची पर्यवेक्षिका, म्हणजे मुख्य सेविका, काम करते. तिच्या बीटमध्ये वीस-बावीस अंगणवाड्या असतात. तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषद. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, त्यामुळे ही बैठक आता ठाण्याऐवजी पालघरला होते. या भागातल्या कुपोषणाकडे सगळ्यांची नजर असते, त्याला इतिहास आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरातले बालमृत्यू राज्यभर गाजले. तेव्हापासून इथे एक मूल दगावलं तर प्रश्न थेट वरून येतो, आणि तो खाली येताना प्रत्येक पायरीवर आवाज चढत जातो.

आता प्रकरण. प्रकल्पाचं नाव आम्ही सांगत नाही. पर्यवेक्षिकेला आपण ताई म्हणू आणि अधिकाऱ्यांना साहेब. ताईंना रोज सात-आठ फोन यायचे. सकाळी दहाला, कुठे आहात? अकराला, फोटो टाका. साडेबाराला, मघाशी फोन का उचलला नाही? आता पाड्यावर रेंजच नाही तर उचलणार कसा? पण साहेबांना वाटायचं, बाई घरीच आहे. मग ताईंनी लांबच्या पाड्यांवर जाणं कमी केलं. रेंज असलेल्या रस्त्याकडेच्या अंगणवाड्यांना त्या जास्त भेटी द्यायला लागल्या. ही गोष्ट लक्षात घ्या. जिथे मुलं सगळ्यात अशक्त, तिथेच देखरेख सगळ्यात कमी झाली. साहेबांना हवं होतं नेमकं त्याच्या उलट.

आम्ही ताईंना पहिलं काम दिलं ते वहीचं. सहा दिवस प्रत्येक फोन लिहायचा. किती वाजता आला, काय विचारलं, आणि त्याच दिवशी साहेबांना वर काय पाठवायचं होतं. मनातला राग लिहायचा नाही, फक्त प्रश्न. सहा दिवसांनी वही वाचली तर दोन गोष्टी दिसल्या. निम्म्याहून जास्त फोन वरची माहिती दुपारी जाण्याआधीच्या दोन तासांत होते. आणि प्रश्न वेगवेगळे वाटले तरी फिरून एकाच आकड्यावर यायचे: सॅमची मुलं किती? सॅम म्हणजे तीव्र कुपोषित. उंचीच्या मानाने वजन फारच कमी, किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी, किंवा पायावर सूज.

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक लोक ही पायरी गाळतात. सगळे डोकावणारे साहेब एका जातीचे नसतात. बैठकीच्या आधी फोन वाढतात आणि नंतर शांतता असते, तर दाब वरचा आहे. एकाच माणसाबद्दल किंवा एकाच आकड्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारणा होते, तर कुठेतरी विश्वासाला तडा गेलेला आहे. आणि पत्रातला शब्द, फाइलचा रंग, चहाची वेळ, सगळंच हवं असेल, तर तो स्वभाव आहे. पहिल्या दोघांवर उपाय चालतो. तिसऱ्यावर फार थोडा चालतो, हे आधीच मान्य केलेलं बरं.

ताईंच्या साहेबांचं दुसऱ्या प्रकारातलं निघालं. दिवाळीनंतर इथली कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पोरांनाही नेतात. त्या हंगामात ताईंच्या बीटमधली सॅमची संख्या १४ वरून ९ झाली. साहेबांनी बैठकीत ती सुधारणा म्हणून सांगितली. वरून विचारलं, पाच बरी झाली की गाव सोडून गेली? साहेबांकडे उत्तर नव्हतं. सगळ्यांसमोर ते गप्प उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. ताईंना हे कोणी सांगितलंच नव्हतं. कार्यालयातल्या लिपिकाकडून कळलं.

म्हणजे साहेबांना ताईंवर पहारा ठेवायचा नव्हता. बैठकीत पुन्हा तसं उभं राहावं लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आमचं मत असं की हाताखालच्या माणसाने वरिष्ठांचा हा एक प्रश्न शोधून काढावा: यांना वर कशाचं उत्तर द्यावं लागतं? तो सापडला की निम्मी वाट झाली.

ताईंनी काय बदललं? रोज साडेबाराला एक संदेश, विचारण्याच्या आधी. त्यात फक्त चार ओळी. पहिली ओळ, काय झालं नाही. हो, न झालेलं पहिल्यांदा. उदाहरणार्थ, “अमुक पाड्यावर वजनं झाली नाहीत, काटा बंद आहे, उद्या शेजारच्या अंगणवाडीचा नेते.” दुसरी, सॅमच्या मुलांत आजचा बदल. तिसरी, आज कुठे गेले. चौथी, उद्याचा रस्ता आणि रेंज नसलेली वेळ: “११ ते २ फोन लागणार नाही, तातडीचं असल्यास सेविकेच्या घरी निरोप द्यावा.” टेकाडावर चढून पाठवायचा, पण वेळ चुकवायची नाही. चांगली बातमी आहे म्हणून लवकर आणि वाईट आहे म्हणून उशिरा, असं एकदा जरी झालं तरी समोरच्याला वास येतो.

सॅमचा आकडा तिने नुसता आकडा म्हणून पाठवणं बंद केलं. १४ चे ९ झाले, तर पाच मुलांचा हिशेब एकेका मुलाच्या नावाने कार्यालयाच्या नोंदीत: दोघं सुधारली, दोघं कुटुंबासोबत भट्टीवर गेली, एकाचं वजन घ्यायचं राहिलं. भट्टीवर गेलेल्यांपुढे ठिकाण आणि कुटुंबातला फोन नंबर, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीला कळवता येतं. बैठकीत विचारलं तर आता साहेबांच्या हातात कागद होता.

पहिल्या आठवड्यात फोन कमी झाले नाहीत, हे सांगायला हवं. संदेश गेला तरी साहेब फोन करून तेच विचारायचे. ताई वैतागल्या. आम्ही म्हटलं, तीन आठवडे थांबा; फोनवर पुन्हा सगळं सांगू नका, “साहेब, साडेबाराच्या संदेशात दुसरी ओळ बघा” एवढंच आदराने सांगा. तिसऱ्या आठवड्यात दुपारचे फोन थांबले. सकाळचे चालूच होते.

मग ताईंनी जे केलं ते आम्हीही सुचवलं नव्हतं. त्या साहेबांना म्हणाल्या, “साहेब, सुधारलेली म्हणून लिहिलेली मुलं तुम्हीच एकदा मोजून बघा. कुठली अंगणवाडी ते तुम्ही ठरवा.” साहेब आले. त्या दोन मुलांपैकी एक बावीस महिन्यांचं होतं. ताईंनीच नोंद बघितली आणि थबकल्या. सेविकेने त्याची उंची उभं करून घेतली होती. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची असते, आणि उभं राहिल्यावर ती साधारण पाऊण सेंटिमीटरने कमी भरते. उंची कमी दिसली की तेवढंच वजन पुरेसं वाटायला लागतं. मूल सीमारेषेवरचं होतं. झोपवून मोजलं तर ते पुन्हा सॅममध्ये आलं. ताईंनी तिथल्या तिथे नोंद दुरुस्त केली, मुलाला ग्राम बाल विकास केंद्रात परत घेतलं, आणि बाकीच्या अंगणवाड्यांतल्या दोन वर्षांखालच्या मुलांची लांबी त्याच आठवड्यात पुन्हा घ्यायला लावली. आकडा वाढला. तरी साहेबांचा विश्वास बसला तो त्या दिवशी. ज्या बाईने स्वतःच्या विरुद्ध जाणारी नोंद माझ्यासमोर बदलली, ती मला बैठकीत तोंडघशी पाडणार नाही, हा त्यामागचा हिशेब.

त्यानंतर ताईंनी मोकळीक मागितली. “माझ्यावर विश्वास ठेवा” असं म्हटल्या नाहीत. त्या वाक्याने कुणालाच काही मिळत नाही. एकच गोष्ट मागितली, एक महिन्यासाठी: भेटींचा क्रम मी ठरवीन, फोटो दिवसाला एकच. बदल्यात तीन गोष्टी मी तासाभरात कळवीन: मूल दगावलं किंवा दवाखान्यात हलवावं लागलं, नवं सॅम सापडलं, किंवा आहाराचा साठा संपत आला. महिन्यानंतर जमलं नाही असं वाटलं तर पूर्वीसारखं करू. परतीची वाट ठेवली की हो म्हणणं सोपं जातं. साहेब हो म्हणाले. ताई पहिल्यांदा कुठे गेल्या असतील? ओढ्यापलीकडच्या दोन पाड्यांवर. चार महिने तिथे कोणी गेलं नव्हतं.

यात काय बसत नाही तेही बोलू. पोषण ट्रॅकरवरच्या नोंदी वरूनच ठरलेल्या आहेत, त्या साहेबांकडे मागून सुटणार नाहीत. आहाराचा साठा आणि पैसे यांची तपासणी तर व्हायलाच हवी, तिला डोकावणं म्हणू नये. आणि मोठ्या माणसाचा दौरा आला की साहेब चार दिवस पूर्वीसारखे होतात, ताईंचेही झाले. तेव्हा भांडू नये. दौरा संपल्यावर फक्त आठवण करावी की आपलं ठरलेलं होतं.

दोन प्रसंगांत मात्र हे सगळं बाजूला ठेवा. साहेब म्हणाले आकडा कमी दाखवा, तर तिथे विश्वास जिंकण्याचा प्रश्न नाही. नोंदीतून काढलेलं मूल केंद्रातल्या आहारातून आणि औषधातूनही बाहेर पडतं. “साहेब, तसं लेखी द्या” एवढं शांतपणे म्हणावं. बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो. नाही मिटला तरी नोंद बदलू नये. आणि रात्री-अपरात्री फोन, घाणेरडी भाषा, एकटीला बोलावणं, हे देखरेखीत येत नाही. त्याला २०१३ चा कायदा आहे, अंतर्गत समिती आहे, संघटना आहे. तिथे वही उपयोगी पडते, पण पुरावा म्हणून.

जाता जाता एक प्रश्न आत्ता आलाय तो घेऊ. एक ताई विचारतात, मी स्वतः सेविकांना किती फोन करते ते मोजू का? मोजा. आपल्या प्रकरणातल्या ताईंनीही मोजले. साहेबांचा एक फोन आला की त्यांचे सेविकांना पाच-सहा जायचे, आणि सेविका पोरांना खिचडी वाढताना एका हाताने फोटो काढायच्या. ताईंनी तीन फोटोंतले दोन बंद केले आणि सेविकांकडून आठवड्याला एकच गोष्ट मागितली: या आठवड्यात काय झालं नाही ते आधी सांगा.