पाण्याला पुढे ढकललं कोणी?

नळी अरुंद होते तिथे पाण्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. मेकॅनिकल किंवा सिव्हिल डिप्लोमाच्या मुलांना हे वाक्य पाठ असतं. ते लिहून मार्कही मिळतात. पण मनातून ते फार थोड्यांना पटलेलं असतं. कारण आपलं मन उलटं सांगतं: जागा कमी झाली की चेंगराचेंगरी होते, आणि चेंगराचेंगरी म्हणजे दाब जास्त. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मुलं पास होतात, नोकरीला लागतात, आणि मधली फट तशीच राहते. ही गोष्ट आहे ती फट बुजलेल्या एका मुलीची.

ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला त्या दिवशी व्हेंच्युरीमीटर होता. मांडणी अशी: खाली पाण्याची टाकी, तिच्यातून पाणी खेचणारा पंप, पुढे ४० मिलिमीटर व्यासाची आडवी नळी आणि तिच्यात बसवलेला व्हेंच्युरीमीटर. यात नळी आधी झपकन आकसत २० मिलिमीटरच्या गळ्यापर्यंत येते, मग हळूहळू पुन्हा मूळ मापाची होते. या गळ्याला सगळे थ्रोट म्हणतात. इनलेटला एक आणि थ्रोटला एक अशी दोन बारीक छिद्रं असतात. तिथून निघालेल्या रबरी नळ्या पारा भरलेल्या, यू आकारात वाकवलेल्या काचेच्या नळीला जोडलेल्या असतात. हा मॅनोमीटर. पलीकडे पाणी मोजायची टाकी, आणि हातात स्टॉपवॉच.

पंप सुरू झाला. नळ्यांतले हवेचे बुडबुडे काढून टाकले. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण एक बुडबुडा राहिला तरी रीडिंग चुकतं. मग कॉक उघडल्यावर पारा हलला आणि थ्रोटकडच्या बाजूला ६ सेंटिमीटर वर जाऊन थांबला.

"मॅडम, थ्रोटकडे पारा वर चढलाय," ती म्हणाली. "म्हणजे तिकडेच दाब जास्त आहे ना?"

तिच्या या प्रश्नात तिचा खरा समज दिसत होता. पाठ केलेलं वाक्य एकीकडे होतं आणि डोळ्यांनी पाहिलेलं तिला आतल्या विश्वासाला दुजोरा देणारं वाटत होतं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "पारा दुसऱ्या बाजूला खाली कशाने गेला?" इनलेटकडच्या पाण्याने त्याला खाली दाबलं होतं. जिकडे पारा खाली, तिकडे दाब जास्त. वर चढलेला पारा थ्रोटकडची कमजोरी दाखवत होता.

एवढ्यावर खात्री होणार नाही, म्हणून मॅडम तिला शेजारच्या दुसऱ्या उपकरणाकडे घेऊन गेल्या. तिथे पारदर्शक नळी आधी अरुंद आणि मग रुंद होत जाते, आणि तिच्यावर ठरावीक अंतरावर काचेच्या उभ्या नळ्या बसवलेल्या असतात. ज्या नळीत पाणी जितकं उंच, तितका खाली त्या ठिकाणी दाब. पाणी सुरू केल्यावर पहिल्या नळ्यांत पातळी उंच होती, थ्रोटकडे ती उतरत गेली आणि पुढे पुन्हा चढली. आता शंकेला जागा नव्हती. दाब खरंच कमी होत होता.

पण "कमी होतो" हे पाहणं वेगळं आणि "का कमी होतो" हे कळणं वेगळं. शिकवताना आपण बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतो.

तिच्या मनात चित्र होतं ते गर्दीचं. लोकलच्या स्टेशनवर जिन्याच्या तोंडाशी माणसं दाटतात, एकमेकांना रेटतात आणि चाल मंदावते. हे चित्र पाण्याला लागू पडत नाही. माणसं दाटू शकतात, पाणी जवळजवळ दाटतच नाही. इनलेटमधून सेकंदाला जेवढं पाणी आत येतं, तेवढंच त्याच सेकंदात थ्रोटमधून बाहेर पडायला हवं. थ्रोटचा व्यास निम्मा, म्हणजे क्षेत्रफळ पाव, म्हणून वेग चौपट. अरुंद जागेत गर्दी मंदावते, पाण्याला मात्र धावावंच लागतं.

"इनलेटमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धर," मॅडम म्हणाल्या. "थ्रोटमध्ये किती?"

"४ मीटर."

"मधला आकसणारा भाग केवढा?"

तिने पट्टी लावली. पावणेसहा सेंटिमीटरच्या आसपास.

"म्हणजे एवढ्याशा अंतरात पाण्याचा वेग चौपट झाला. आता मला सांग, त्याला पुढे ढकललं कोणी?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. वहीत समीकरण होतं, पण ढकलणारा कोणी नव्हता. तिने हिशेब करून पाहिला. वेग वाढत असल्यामुळे तेवढं अंतर कापायला पाण्याला सेकंदाचा जेमतेम तिसावा भाग लागतो, आणि तेवढ्यात त्याचा वेग सेकंदाला ३ मीटरने वाढतो. हातातून सोडलेला दगड खाली येताना ज्या दराने वेग घेतो, त्याच्या सरासरी नऊपट हा दर आहे. एवढा वेग बळाशिवाय येत नाही. ते बळ कुठून आलं?

नळी आडवी होती, म्हणून गुरुत्वाकर्षण बाद. मग ती म्हणाली, "भिंत आवळते ना पाण्याला, तिने ढकललं असेल."

मॅडमनी कागदावर आकसणाऱ्या नळीची तिरपी भिंत काढली. स्थिर असो की वाहतं, पाणी भिंतीला काटकोनात रेटतं आणि भिंतही पाण्याला काटकोनातच उलट रेटते. पुढे आकसत जाणाऱ्या भिंतीवर काटकोनात बाण काढला तर तो आत वळतो आणि किंचित मागे वळतो. म्हणजे भिंत पुढे ढकलत नाही, ती मागे ढकलते. आणि प्रवाहाच्या मधोमध, भिंतीपासून दूर असलेल्या पाण्याला तर तिचा स्पर्शही नाही.

आता उरलं फक्त पाणी. मागचं पाणी, पुढे रेटणारं. पुढचं पाणी, मागे रेटणारं. मधल्या पाण्याचा वेग वाढतोय याचा अर्थ एकच: मागचा रेटा पुढच्या रेट्यापेक्षा मोठा आहे. म्हणजे इनलेटकडून थ्रोटकडे जाताना दाब कमी कमी होत जायलाच हवा.

इथे तिचा चेहरा बदलला. आजवर ती दाब कमी होण्याला वेग वाढण्याचा परिणाम समजत होती. जणू पाणी धावायला लागलं आणि धावता धावता त्याचा दाब गळून गेला. आता तिला दिसलं की दाबातला हा फरकच पाण्याला पळवतो. थ्रोटमध्ये दाब कमी नसता तर तिथे पाणी वेगाने पोहोचलंच नसतं. माझ्या मते हा विषय शिकवताना सगळ्यात आधी सांगायची गोष्ट हीच आहे, आणि पुस्तकांत ती बहुधा समीकरणानंतर येते किंवा येतच नाही.

डॅनिएल बर्नूली यांचा 'हायड्रोडायनामिका' हा ग्रंथ १७३८ साली प्रसिद्ध झाला. वेग आणि दाब यांचं नातं त्यांनी ऊर्जेच्या अंगाने मांडलं होतं. पाण्याच्या एका भागावर मागून-पुढून किती बळ लागतं, असा थेट विचार त्यांचे वडील योहान आणि पुढे १७५० च्या दशकात लेओनार्ड ऑयलर यांनी पक्का केला. आपल्या विद्यार्थिनीने कागदावर काढलेले बाण ऑयलरच्या वाटेने जाणारे होते.

आता आकडे जुळतात का हे पाहायचं होतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सेकंदाला १ मीटर वेगाला त्याची गतिज ऊर्जा अर्धा ज्यूल, ४ मीटर वेगाला ८ ज्यूल. कमाई साडेसात ज्यूलची. एका लिटरवर दाबाच्या फरकाने एवढं काम करायचं तर तो फरक हवा ७५०० पास्कल. पाण्याच्या उंचीत हे सुमारे ७६ सेंटिमीटर होतात. पण मॅनोमीटरमध्ये पाऱ्यावर दोन्ही बाजूंना पाणी असतं, म्हणून भागायचं १३.६ ने नाही, त्यातून १ वजा करून १२.६ ने. उत्तर आलं ६ सेंटिमीटर. समोरच्या काचेत पारा तितकाच वर होता.

ती मग मोजटाकीकडे गेली. हिशेबाने सेकंदाला सव्वा लिटर पाणी यायला हवं होतं. टाकीत ६० लिटर जमायला ४९ सेकंद लागले, म्हणजे सव्वा लिटरला थोडं कमी. दोहोंचं गुणोत्तर ०.९८. ही दोन टक्क्यांची तूट मुख्यतः भिंतीशी होणाऱ्या घर्षणाची. दाबाचा फरक वाचून पाणी मोजण्याची ही युक्ती क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकी अभियंत्याने १८८० च्या दशकात वापरात आणली आणि १७९७ मध्ये अशा नळ्यांवर प्रयोग प्रसिद्ध करणाऱ्या इटालियन जोव्हानी व्हेंतुरींचं नाव तिला दिलं.

तिची एक शंका मात्र उरली होती. "मॅडम, बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की आत दाब वाढतो. बोटाला जाणवतो. मग?"

शंका योग्य होती आणि उत्तर नीट समजून घेण्यासारखं आहे. व्हेंच्युरीमीटरमध्ये आपण एकाच वेळी, एकाच प्रवाहातल्या दोन जागांची तुलना करतो. अंगठ्याच्या बाबतीत तुलना दोन वेगळ्या प्रवाहांची होते: अंगठा नसतानाचा आणि असतानाचा. अंगठा ठेवला की एकूण पाणी कमी येतं, लांबलचक पाइपमधलं घर्षण घटतं, आणि टाकीचा जो दाब आधी वाटेतच खर्ची पडत होता तो अंगठ्याच्या मागे शिल्लक राहतो. पण तेव्हासुद्धा अंगठ्याच्या फटीतून उडालेल्या धारेतला दाब बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे मागच्यापेक्षा कमीच असतो. नियम मोडत नाही. लांब नळीत घर्षणानेही दाब पडतो, तो हिशेब वेगळा धरावा लागतो.

समजलं आहे की नाही हे ओळखण्याची एक चांगली खूण म्हणजे न सांगितलेली गोष्ट स्वतः सांगता येणं. ती पुन्हा व्हेंच्युरीमीटरकडे वळून म्हणाली, "पुढे नळी रुंद होते तिथे पाणी मंदावतं. म्हणजे तिथे पुढचा रेटा जास्त हवा. तिथे पाण्याला चढत्या दाबाविरुद्ध जावं लागतं." आणि मग तिनेच विचारलं, "म्हणून हा भाग एवढा लांब ठेवलाय का?"

होय, म्हणूनच. आकसताना दाब पाण्याला पुढे नेतो, म्हणून तो भाग आखूड चालतो. रुंदावताना दाब अडवतो. मधलं वेगवान पाणी तो अडसर पार करतं, पण भिंतीलगतचा थर आधीच घर्षणाने दमलेला असतो. नळी झपकन रुंद केली तर हा थर थांबतो, उलटा फिरतो, भोवरे उठतात आणि ऊर्जा उष्णतेत जाते. भिंत हळूहळू उघडली तर त्याला सावरायला अंतर मिळतं. तरीही सगळं परत मिळत नाही. पारदर्शक नळीवरच्या शेवटच्या काचेत पाणी पहिलीपेक्षा थोडं खालीच होतं. आधी तिने ती उंची नुसती जर्नलमध्ये उतरवली होती. आता तिने पट्टी घेऊन पहिल्या आणि शेवटच्या पातळीतलं अंतर मोजलं आणि समोर लिहिलं: भोवऱ्यांत आणि घर्षणात गेलेला दाब.