घर पाहून गेलेले ग्राहक गप्प झाले तर...

सदनिका विक्रीला काढली, रविवारी एक कुटुंब येऊन ती पाहून गेले, जाताना 'कळवतो' म्हणाले आणि त्यानंतर काहीच निरोप नाही. जुनी सदनिका विकणाऱ्या बहुतेक मालकांना व मध्यस्थांना हा अनुभव येतो. अशा वेळी दूरध्वनी कधी करावा आणि काय बोलावे, हा प्रश्न असतो. त्याचे उत्तर ग्राहक कोणत्या कारणाने गप्प आहे, यावर अवलंबून आहे.

पुण्यातील ८० लाख रुपये किमतीच्या दोन शयनगृहांच्या सदनिकेचे उदाहरण घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जासाठी बँक मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते. म्हणजे येथे जास्तीत जास्त ६४ लाख रुपये. उरलेले १६ लाख खरेदीदाराचे स्वतःचे. त्यात पुणे महापालिका हद्दीतील सात टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणी शुल्काचे ३० हजार मिळवले, की हाती सुमारे २२ लाख रुपये असावे लागतात. खरेदी महिलेच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. मात्र बँकेच्या मूल्यांककाने सदनिकेचे मूल्य ८० लाखांपेक्षा कमी धरले, तर स्वतःची रक्कम आणखी वाढते.

हा हिशेब घरी बसून मांडला जातो. वडीलधाऱ्यांना विचारले जाते, ठेवी मोडायच्या का हे ठरते. त्यामुळे तीन-चार दिवसांचे मौन म्हणजे नकार नव्हे.

पहिला निरोप त्याच दिवशी

घर पाहताना ग्राहकाने काय विचारले, ते लिहून ठेवावे. वाहनतळाची जागा कागदोपत्री आहे का, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे का, सोसायटीची मासिक वर्गणी किती, असे प्रश्न विचारणारा ग्राहक बहुधा गंभीर असतो. 'छान आहे' एवढेच म्हणून निघालेला क्वचितच परततो. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याच संध्याकाळी पाठवावीत. या निरोपात निर्णयाची विचारणा नसावी.

दुसरा निरोप चौथ्या-पाचव्या दिवशी

रविवारी घर पाहिले असेल तर गुरुवारी सायंकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान दूरध्वनी करावा. शनिवार-रविवारी ग्राहक इतर घरे पाहणार असतो. त्याआधी त्याच्या मनातील अडचण समजणे उपयोगाचे ठरते. 'काय ठरवले?' असे विचारल्यास ग्राहक संकोचतो आणि पुढच्या वेळी दूरध्वनी घेत नाही. त्याऐवजी, 'आपल्याला घराबद्दल काही शंका आहे, की किमतीबद्दल विचार चालू आहे?' असे विचारावे. उत्तर सोपे जाते. बँकेसाठी कागदपत्रांच्या प्रती मागितल्या, तर पुढचे मौन बहुधा बँकेच्या कामाचे असते. अशा वेळी आठ-दहा दिवस थांबून केवळ 'बँकेला आणखी काही कागद हवा आहे का?' एवढेच विचारावे.

तिसरा आणि शेवटचा

दोन्ही निरोपांना उत्तर आले नाही, तर तीन आठवड्यांनी एक लेखी निरोप पाठवावा: 'आपला विचार बदलला असल्यास हरकत नाही. तसे कळवल्यास पुन्हा त्रास देणार नाही.' नकार देणे अवघड वाटल्यामुळे गप्प राहिलेले लोक अशा निरोपाला उत्तर देण्याची शक्यता अधिक असते. नकाराचे कारण कळले, तर तेही मोलाचे आहे. तीन-चार जणांनी एकच उणीव सांगितली, तर अडचण ग्राहकात नसून घरात किंवा किमतीत आहे, असे समजावे.

यापुढे किंमत खरोखरच कमी झाली, तरच संपर्क साधावा. वारंवार दूरध्वनी करण्यात मालकाचेच नुकसान आहे. ग्राहक त्यातून 'यांना विकण्याची घाई आहे' असा अर्थ काढतो आणि देऊ केलेली किंमत आणखी खाली आणतो. 'दुसरे गिऱ्हाईक तयार आहे' हे वाक्य खरे असेल तेव्हाच उच्चारावे. महिन्यानंतरही सदनिकेची जाहिरात दिसली, तर बोलणाऱ्याच्या इतर शब्दांवरचा, अगदी कागदपत्रांवरचाही, विश्वास उडतो.

पंचांगाकडेही लक्ष हवे. पितृपक्षात अनेक मराठी कुटुंबे बयाणा देत नाहीत. त्या पंधरवड्यात पाठपुरावा केल्यास नकारच पदरी पडतो. 'घटस्थापनेनंतर बोलू' असे आपणहून म्हटल्यास ग्राहकाची अडचण ओळखली असे होते आणि पुढच्या संभाषणाची तारीखही ठरते.