सपाट तळवा, बैठका आणि धावणे

लिंबागणेशच्या आमच्या वस्तीतला एक बावीस वर्षांचा तरुण पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे मांजरसुंब्याच्या रस्त्याने पाच किलोमीटर धावणे आणि संध्याकाळी खांद्यावर लोखंडी बार घेऊन बैठका, असा त्याचा आठवड्यातले सहा दिवस नेम. मागच्या पावसाळ्यात डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला त्याला दुखू लागले. ओल्या पायाने शहाबादी फरशीवर उभा राहिला की तळव्याचा अख्खा ठसा उमटे, मधली खोबण दिसतच नसे. कुणीतरी सांगितले, "तुझा पाय सपाट आहे, तुला भरती नाही." दुसऱ्याने महागडे इनसोल गळ्यात मारले. दुखणे होते तिथेच राहिले.

आम्ही त्याला आधी एवढेच करायला लावले: भिंतीला हात टेकवून चवड्यावर उभा राहा. टाचा उचलल्याबरोबर तळव्याची कमान वर आली आणि टाच किंचित आत वळली. हा मऊ सपाट तळवा. यात हाडांची अडचण नसते. उभे राहिल्यावर भाराने कमान बसते, भार हलला की परत उठते. अनेक माणसांचे पाय जन्मभर असेच असतात आणि दुखतही नाहीत. चवड्यावर उभे राहूनही कमान येत नसेल तर तो ताठ सपाट तळवा. तो व्यायामाने सुटत नाही, तो हाडांच्या डॉक्टरांना दाखवावा. मोठेपणी एकच पाय हळूहळू सपाट होत चालला असेल, किंवा मधुमेह असून पायाला मुंग्या, बधिरपणा असेल, तरीही आधी डॉक्टर.

सैन्याच्या वैद्यकीय तपासणीतही हाच फरक पाहतात. चवड्यावर कमान उठत असेल, उमेदवार चवड्यावर नीट धावू शकत असेल आणि पाय लवचीक व न दुखणारा असेल, तर केवळ सपाट दिसतो म्हणून त्याला नाकारत नाहीत. प्रत्येक दलाचे निकष मात्र सारखे नसतात, म्हणून जाहिरातीसोबतचे निकष वाचूनच अर्ज भरावा.

मग दुखते का? पोटरीच्या आत खोलवर एक स्नायू आहे. त्याची दोरी घोट्याच्या आतल्या हाडामागून वळून तळव्याला येते आणि कमान वरून तोलून धरते. खाली तळव्यातले छोटे स्नायू तिला साथ देतात. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. सपाट पायात कमान जास्त बसते, म्हणून त्या दोरीला जास्त राबावे लागते. आमचा गडी रोज धावून तिला दमवत होता आणि संध्याकाळी त्याच दमलेल्या पायावर 80 किलो घेऊन बसत होता.

पहिला व्यायाम तळव्याचा. खुर्चीवर बसून अनवाणी पाय जमिनीवर ठेवावा. टाच, अंगठ्याच्या मुळाचा गोळा आणि करंगळीच्या मुळाचा गोळा ही तीन ठिकाणे जमिनीला चिकटलेली हवीत. आता बोटे न वळवता अंगठ्याचा गोळा टाचेकडे ओढायचा, जणू तळवा आखूड करायचा आहे. पाच सेकंद धरून सोडायचे, असे दहा वेळा. जमतेय का हे कळायला अंगठ्यामागे, तळव्याच्या आतल्या बाजूला हाताचे बोट लावून पाहावे. तिथे मांस घट्ट होते. बहुतेकांची पहिली चूक म्हणजे बोटे आवळून जमीन पकडणे. दुसरी चूक पाय बाहेरच्या कडेवर कलंडवणे. त्यात कमान दिसते खरी, पण अंगठ्याचा गोळा उचलला जातो आणि काम काहीच होत नाही. सुरुवातीला तळव्यात गोळा येतो, त्याला घाबरू नये. बसून जमले की उभ्याने, मग एका पायावर.

दुसरा व्यायाम पोटरीचा, आणि आमच्या मते तोच जास्त कामाचा, कारण ती दोरी त्यातच तयार होते. दोन्ही टाचांमध्ये मुलांचा रबरी चेंडू धरावा, तो दाबत तीन सेकंदांत चवड्यावर जावे, तीन सेकंदांत उतरावे. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. तीन आठवड्यांनी चेंडू सोडून एका पायावर. एका पायावर उठताना टाच आत वळली पाहिजे. ती बाहेरच झुकत असेल, किंवा घोट्यात कळ येऊन उठताच येत नसेल, तर ती दोरी दुखावली आहे असे समजून व्यायाम थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

बैठकांचे आम्ही असे केले. मागे जमिनीवर मोबाइल ठेवून फक्त टाचांचे चित्रण घेतले. 60 किलोला तिसऱ्या बैठकीपासून डावी टाच आत कोसळत होती, गुडघाही मागोमाग आत येत होता. 40 किलोला सहाही बैठका पाय जागेवर राहिला. म्हणून 40 पासून सुरुवात, सहाच्या तीन फेऱ्या, आणि पाय स्थिर राहिला तरच आठवड्याला अडीच किलो वाढ. गड्याचे तोंड उतरले होते, जिममध्ये बाकीच्यांसमोर प्लेटा काढायच्या म्हणजे अवघडच. पायाची तीच तीन ठिकाणे जमिनीवर, गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत.

एक गोष्ट अनेकदा सुटते. पाय भिंतीपासून एक मूठ अंतरावर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावून पाहावा. लागत नसेल तर घोटा ताठ आहे, आणि खाली बसताना ती कमतरता कमान कोसळून भरून निघते. अशा वेळी टाचांखाली एक-दीड सेंटिमीटर जाडीची रुंद, न डगमगणारी फळी ठेवली की लगेच फरक दिसतो. धावायचे मऊ बूट बैठकांना घालू नयेत. भाराखाली ते दबतात आणि पाय डगमगतो. कडक, सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट चांगले. धावताना मात्र मऊ बूटच ठेवावेत, आणि इनसोलने दुखणे कमी होत असेल तर खुशाल वापरावेत. फक्त त्याने पायात ताकद येत नाही.

धावणे सहा दिवसांवरून तीन दिवसांवर आणले. तीन मिनिटे धावायचे, एक मिनिट चालायचे, एकूण दोन किलोमीटर. बैठका त्याच दिवशी संध्याकाळी, म्हणजे मधला दिवस पायाला पुरा मोकळा. धावताना थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या पावलाला काही नसले, तर पुढच्या आठवड्यात थोडे वाढवायचे. सकाळी दुखत असेल तर मागे यायचे. नडगीच्या हाडावर अंगठा दाबल्यावर नेमक्या एकाच ठिकाणी कळ येत असेल, किंवा रात्री पडल्यापडल्या ठणकत असेल, तर धावणे पूर्ण बंद. हाडाला बारीक तडा असू शकतो आणि तो सुरुवातीला एक्सरेत दिसतोच असे नाही, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवावे.

मधले दोन आठवडे घरच्यांसोबत ऊसतोडीला गेल्याने त्याची वाढ थांबली. तेराव्या आठवड्यात 65 किलोला टाच जागेवर होती आणि 1600 मीटर न थांबता, न दुखता झाले. फरशीवरचा ठसा मात्र आजही तसाच अख्खा उमटतो. एका पायावरची पोटरी त्याने आठवड्यातून दोनदा चालू ठेवली आहे.