दोन सलाईन एकत्र केल्यावर टक्का किती?

आपल्या वस्तीतल्या अनेक मुली आज एएनएम, जीएनएमचे शिक्षण घेत आहेत. त्यांच्याशी बोलताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. ३ टक्क्यांचे १०० मिली सलाईन आणि ०.९ टक्क्याचे ४०० मिली सलाईन एकत्र केले, तर मिश्रण किती टक्क्यांचे होईल? पुष्कळ जणी दोन्ही आकडे मिळवून निम्मे करतात आणि १.९५ टक्के सांगतात. हे उत्तर चूक आहे.

सलाईनच्या बाटलीवरचा टक्का म्हणजे १०० मिली द्रावणात किती ग्रॅम मीठ आहे तो आकडा. म्हणून टक्क्यांची बेरीज करायची नाही. आधी मीठ मोजायचे. ३ टक्क्यांच्या १०० मिलीमध्ये ३ ग्रॅम मीठ असते. ०.९ टक्क्याच्या ४०० मिलीमध्ये ०.९ गुणिले ४, म्हणजे ३.६ ग्रॅम. एकूण मीठ ६.६ ग्रॅम, एकूण द्रावण ५०० मिली. ६.६ ला ५०० ने भागून १०० ने गुणले की उत्तर येते १.३२ टक्के.

उत्तर पडताळण्याची सोपी खूण आहे. मिश्रणाचा टक्का नेहमी दोन्ही टक्क्यांच्या मध्येच येतो आणि जे द्रावण जास्त घेतले त्याच्याकडे झुकतो. दोन्ही द्रावणे सारखीच घेतली, तरच निम्मे करण्याची रीत चालते.

वॉर्डात आणखी एक घोटाळा होतो. साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीतून १०० मिली काढून मग ३ टक्क्यांचे १०० मिली घालायचे असते. काढायचे राहिले, तर मीठ ७.५ ग्रॅम आणि द्रावण ६०० मिली होते, म्हणजे १.२५ टक्के. दोन्ही बाटल्या पाण्यासारख्याच स्वच्छ दिसतात, त्यामुळे नजरेला फरक कळत नाही. म्हणून मिश्रण करताच काय किती घातले, टक्का किती आणि वेळ कोणती, हे बाटलीवर लिहायचे.

रक्तातले सोडियम फार कमी झालेल्या रुग्णाला मिठाचे प्रमाण मोजूनच द्यावे लागते. १.३२ च्या बाटलीवर १.९५ लिहिले, तर प्रत्यक्षात ६.६ ग्रॅम मीठ जाते आणि कागदावर पावणेदहा ग्रॅम दिसते. डॉक्टर पुढचा डोस त्या कागदावरूनच ठरवतात. सोडियम अपुरे वाढले तर झटके थांबत नाहीत. फार वेगाने वाढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

हा हिशेब फक्त एकाच मिठाच्या द्रावणांना लागू आहे. ग्लुकोजच्या बाटलीवरचा ५ टक्के हा आकडा साखरेचा असतो. तो यात धरायचा नाही. आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय कोणतीही दोन सलाईन एकत्र करायची नाहीत.